खर्चावर किती टक्के चढवायचे? मसाला काजूच्या एका पाकिटाचा हिशेब

फोंडा, म्हापसा, डिचोली, कुठल्याही बाजारात दुकानदाराला विचारा की दर कसा ठरवता. उत्तर बहुधा ठरलेले असते: "आपल्याला कितीला पडतं ते काढायचं आणि वर पंचवीस-तीस टक्के चढवायचे." अर्थशास्त्राचे पुस्तक वेगळेच सांगते. आणखी एक नग विकून हातात येणारी जादा रक्कम म्हणजे सीमांत प्राप्ती. तो नग तयार करायला लागणारा जादा खर्च म्हणजे सीमांत खर्च. या दोन्ही रकमा जिथे समान होतात तिथे थांबा, नफा तिथेच सर्वांत जास्त, असे पुस्तक म्हणते. दुकानदार पुस्तकातल्या माणसाला हसतो आणि पुस्तकातला माणूस दुकानदाराला अडाणी समजतो.

हा वाद जुना आहे. ऑक्सफर्डच्या हॉल आणि हिच या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी ३८ उद्योजकांना किंमत कशी ठरवता असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी "पूर्ण खर्च काढतो आणि त्यावर नफा लावतो" असेच सांगितले. सीमांत प्राप्ती जवळजवळ कोणीच मोजत नव्हते. तरीही ते धंदे चालत होते. माझ्या मते कारण एवढेच की टक्के चढवण्याची रीत काही ठराविक अटींवर पुस्तकातल्या नियमाशी तंतोतंत जुळते, आणि थोडी चुकली तरी फारसे बिघडत नाही. पण त्या अटी सुटल्या की तीच रीत धंद्याला खड्ड्यात घालू शकते. गोव्यात ही वेळ हमखास पावसाळ्यात येते.

मी फोंड्यात लहान धंद्यांचे हिशेब लिहितो. खालचे उदाहरण अशाच एका धंद्याच्या धर्तीवर बेतले आहे. एक वहिनी काजूगर आणून भाजतात, मसाला लावतात आणि अडीचशे ग्रॅमची पाकिटे करून स्वतःच्या छोट्या दुकानात विकतात. आकडे समजायला सोपे जावेत असे गोल घेतले आहेत. तुमच्या वहीतले आकडे त्यांच्या जागी घाला आणि पुढे चला.

पायरी १: एका जादा पाकिटाला किती पडते?

वहिनींचा दर ३५० रुपये होता आणि महिन्याला साधारण ६०० पाकिटे खपत होती. दर आला कसा, तर त्यांनी पाकिटाचा "पूर्ण" खर्च २८० काढला होता आणि त्यावर २५ टक्के चढवले होते. म्हणजे चूक असलीच तर ती २८० मध्ये असेल किंवा २५ मध्ये. आधी २८० कडे पाहू.

त्यात दोन जातींचे खर्च एकत्र झाले होते. पहिल्या जातीचा खर्च पाकिटाबरोबर वाढतो. काजूगर ८०० रुपये किलो, भाजताना थोडी घट जाते म्हणून पाकिटाला २५५ ग्रॅम धरले तर २०४ रुपये. तेल, मीठ, मसाला ८. पाकीट आणि लेबल ९. गॅस ४. भाजणे-भरणे नगावर देतात, ते १५. एकूण २४० रुपये. दुसऱ्या जातीचा खर्च पाकिटे विका वा न विका, होतोच: दुकानभाडे, काउंटरवरच्या मुलीचा पगार, परवाना, वीज. मिळून महिन्याला २४,०००. तो ६०० पाकिटांवर वाटला की पाकिटामागे ४०. असे २८०.

दर ठरवताना फक्त २४० धरायचे. एक पाकीट जादा विकले म्हणून भाडे एका पैशाने वाढत नाही, तेव्हा जादा पाकिटाच्या हिशेबात ते येऊच शकत नाही.

"मग भाडं कोण भरणार?" हा वहिनींचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. भाडे पाकिटामागे सुटणाऱ्या पैशातूनच भरायचे आहे. म्हणून तर महिनाअखेर एकूण सुटणारी रक्कम जास्तीत जास्त व्हावी, एवढेच दर ठरवताना पाहायचे. ती २४,००० च्या वर गेली की धंदा चालू ठेवायचा. कायमच खाली राहिली तर दुकान बदलायचे किंवा बंद करायचे. भाडे दुकान ठेवायचे की नाही ते सांगते. पाकीट कितीला विकायचे ते भाडे सांगत नाही.

या पायरीवर आणखी एक गफलत होते. काजूगर दोन महिन्यांपूर्वी ७०० ने घेऊन ठेवला आहे आणि आज भाव ८०० आहे. हिशेबात कुठला घ्यायचा? आजचा. आज विकलेल्या पाकिटाची जागा भरायला तुम्हाला ८०० नेच गर आणावा लागणार आहे. भाव उतरला असेल तर उलट: ८०० चा माल आज ७०० ला मिळत असेल तर ७०० धरा. जुनी खरेदी महाग पडली म्हणून गिऱ्हाईक ती भरून देणार नाही.

पगाराचे काय, असे विचाराल. काउंटरवरची मुलगी महिन्याच्या पगारावर आहे म्हणून तो स्थिर खर्च. भाजणारी बाई नगावर पैसे घेते म्हणून ती रक्कम २४० मध्ये. उद्या तिलाही महिन्यावर ठेवले तर ते १५ रुपये तिथून निघतील. खर्चाचे नाव पाहून जात ठरत नाही. पाकीट वाढले की तो वाढतो का, एवढेच विचारायचे.

पायरी २: दर थोडा हलवून पाहा

आता २५ टक्क्यांकडे. हे २५ कुठून आले? वहिनींच्या सासऱ्यांपासून चालत आलेले. कोणाचे सासरे २० म्हणत असतील, कोणाचे ४०. खरे टक्के गिऱ्हाइकाकडून येतात: दर हलला की ते किती हलते यावरून. दर एक टक्का बदलला की खप किती टक्के बदलतो, या आकड्याला मागणीची लवचिकता म्हणतात. दर वाढला की खप घटतो, म्हणून तो खरे तर उणे असतो. आपण चिन्ह सोडून फक्त आकडा वापरू.

तो मोजायला सर्वेक्षण लागत नाही, विक्रीची वही पुरते. पण मोजणी नीट करायला हवी. गणेश चवथीच्या आधीचा आठवडा एका दराने आणि नंतरचा दुसऱ्या दराने विकून तुलना केलीत तर तुम्ही चवथ मोजलीत, दर नव्हे. म्हणून दर आठवड्याआड बदलायचे: एक आठवडा ३५०, पुढचा ३३०, पुन्हा ३५०. मधे सण, जत्रा किंवा सलग सुट्ट्या येत असतील तर तो आठवडा मोजणीतून गाळायचा. पाकिटावर एमआरपी ३५० छापलेली असेल तर त्याहून खाली विकायला आडकाठी नाही, वर मात्र विकता येत नाही. त्यामुळे प्रयोग खालच्या बाजूने करणे सोयीचे. फरक पाच-सहा टक्क्यांचा पुरे. दोनच रुपये कमी केलेत तर गिऱ्हाइकाच्या लक्षातही येणार नाही, आणि शंभर कमी केलेत तर शेजारचे दुकानदार येऊन चार गोष्टी ऐकवतील.

वहिनींच्या वहीत ३५० च्या चार आठवड्यांत १४४, १५८, १४७ आणि १५१ पाकिटे खपली, एकूण ६००. ३३० च्या चार आठवड्यांत १८१, १९६, १८८ आणि १९५, एकूण ७६०.

आता भागाकार. टक्केवारी काढताना दोन्ही आकड्यांची सरासरी पाया म्हणून घ्या, म्हणजे कुठून कुठे मोजले यावरून उत्तर बदलत नाही. खपातला फरक १६०, सरासरी ६८०, म्हणजे २३.५ टक्के. दरातला फरक २०, सरासरी ३४०, म्हणजे ५.९ टक्के. २३.५ ला ५.९ ने भागले की साधारण ४. लवचिकता ४.

आठवड्या-आठवड्यात दहा-पंधरा पाकिटांचा चढउतार आपोआप दिसतोच, त्यामुळे हे ४ म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. असल्या वहीवरून खरा आकडा ३ ते ५ च्या मधे कुठेतरी आहे एवढेच खात्रीने म्हणता येते. ते पुरते का, ते पुढे पाहू.

पायरी ३: टक्के काढा

सूत्र एकच आहे:

किंमत = सीमांत खर्च × लवचिकता ÷ (लवचिकता − १)

किंवा दुकानदाराच्या भाषेत, खर्चावर चढवायचा हिस्सा = १ ÷ (लवचिकता − १)

लवचिकता ४ असेल तर १ ÷ ३, म्हणजे ३३ टक्के. २४० वर ३३ टक्के चढवले की ३२०.

हे सूत्र आकाशातून पडलेले नाही. दर ३२० असताना एक पाकीट जादा खपवायचे तर दर किंचित उतरवावा लागतो. नव्या पाकिटाचे ३२० येतात, पण आधीच्या सगळ्या पाकिटांवर थोडे थोडे गमावतो. ही गळती किती, तर किंमत भागिले लवचिकता: ३२० ÷ ४ = ८०. म्हणजे जादा पाकिटातून खरी प्राप्ती ३२० − ८० = २४०. सीमांत खर्चही २४०. दोन्ही बाजू समान झाल्या. पुस्तकाचा नियम पाळला गेला, आणि पाळला तो टक्के चढवून.

लवचिकता २ असेल तर सूत्र १०० टक्के सांगते, ३ ला ५०, ५ ला २५, ११ ला १०. लवचिकता १ किंवा त्याहून कमी निघाली तर सूत्र निरर्थक उत्तर देते आणि ते योग्यच आहे. याचा अर्थ दर वाढवला की गल्ला घटत नाही आणि खर्च घटतो, तेव्हा दर अजून वर न्यायला हवा. जसजसा वर न्याल तसतशी लवचिकता वाढेल आणि मग सूत्र बोलू लागेल.

एक इशारा इथेच देतो, कारण दर महिन्याला कोणी ना कोणी या खड्ड्यात पडतो. खर्चावर ३३ टक्के आणि विक्रीवर २५ टक्के ही एकच गोष्ट आहे: ८० रुपये २४० च्या ३३ टक्के आहेत आणि ३२० च्या २५ टक्के. घाऊक व्यापारी "मार्जिन पंचवीस" म्हणतो तेव्हा तो बहुधा विक्रीवरचे बोलत असतो. अब्बा लर्नर या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये मांडलेले मापही विक्रीवरचेच आहे, आणि तिथे सूत्र आणखी सुटसुटीत होते: विक्रीवरचा नफा = १ ÷ लवचिकता. चारला पंचवीस टक्के. तुम्ही दोन्हींपैकी काहीही वापरा, फक्त मधेच बदलू नका. आणि जीएसटी लागत असेल तर तो वगळून उरलेली, तुमच्या हातात राहणारी किंमतच या सगळ्यात धरा.

पायरी ४: तक्ता मांडून तपासा

सूत्रावर विश्वास नसेल तर तक्ता मांडा. लवचिकता सगळीकडे ४ धरून वेगवेगळ्या दरांना महिन्याचा खप असा येतो:

| दर | खप | एकूण विक्री | वरच्या ओळीपेक्षा जादा पाकिटामागे प्राप्ती | २४० वजा जाता सुटणारे |
|---|---|---|---|---|
| ३५० | ६०० | २,१०,००० | – | ६६,००० |
| ३४० | ६७४ | २,२९,१६० | २५९ | ६७,४०० |
| ३३० | ७५९ | २,५०,४७० | २५१ | ६८,३१० |
| ३२० | ८५९ | २,७४,८८० | २४४ | ६८,७२० |
| ३१० | ९७५ | ३,०२,२५० | २३६ | ६८,२५० |
| ३०० | १,११२ | ३,३३,६०० | २२९ | ६६,७२० |

चौथा रकाना वरून खाली वाचा. ३३० वरून ३२० वर आल्यावर १०० पाकिटे जादा खपली आणि गल्ल्यात २४,४१० वाढले, म्हणजे पाकिटामागे २४४. खर्च २४०. परवडले. ३२० वरून ३१० वर आलो तर पाकिटामागे २३६ मिळतात आणि खर्च होतात २४०. आता थांबायचे.

पण खरी मेख शेवटच्या रकान्यात आहे. डोंगराचा माथा किती सपाट आहे पाहा. ३१० ते ३३० मध्ये कुठेही राहिलात तरी महिन्याला पाचशे रुपयांचाही फरक पडत नाही. मघाशी म्हटले की लवचिकता ३ ते ५ च्या मधे आहे एवढेच माहीत आहे. तीन धरून चाललो असतो तर दर ३६० लावला असता, पाच धरून ३००. खरा आकडा ४ असेल तर ३६० ला सुटणारी रक्कम सुमारे ६ टक्क्यांनी कमी होते आणि ३०० ला सुमारे ३ टक्क्यांनी. खरा आकडा चारपासून जितका दूर तितकी चूक मोठी, हे खरे. तरी अंदाज बऱ्यापैकी जवळ असेल तर धंदा बुडत नाही. अंदाजाने टक्के चढवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती या सपाट माथ्यामुळे. वहिनींनी शेवटी ३२५ ठेवले, कारण सुट्या पैशांची कटकट नको. ३२० च्या तुलनेत महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये गेले असतील. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता.

कुठे जुळते, कुठे सुटते

आता अटी स्पष्ट झाल्या. टक्के लावण्याचा पाया सीमांत खर्च असावा. टक्के लवचिकतेतून आलेले असावेत. आणि दर किंवा खर्च बदलला तरी ती लवचिकता तीच राहावी. तिन्ही अटी असतील तर "खर्चावर ३३ टक्के" आणि "सीमांत प्राप्ती बरोबर सीमांत खर्च" ही दोन नावे एकाच गोष्टीची. आता एकेक अट मोडून काय होते ते पाहू.

पहिली मोडते ती पावसाळ्यात. जूनमध्ये पर्यटक ओसरतात आणि त्याच दराला खप निम्मा होतो, समजा ३५० ला ३०० पाकिटे. जुन्या रीतीने पूर्ण खर्च काढला तर २४,००० आता ३०० वर वाटायचे, म्हणजे पाकिटामागे ८०. खर्च ३२०, वर २५ टक्के, दर ४००. गिऱ्हाईक कमी झाले म्हणून दर वाढवला! ४०० ला खप येतो साधारण १७६. पुढच्या महिन्यात तेच २४,००० त्या १७६ वर वाटले की पाकिटामागे १३६, खर्च ३७६, दर ४७०. ४७० ला नव्वदेक पाकिटे जातील. ही घसरगुंडी कागदावरची नाही. जुलैत एखाद्या दुकानात काजूचा दर एप्रिलपेक्षा चढा दिसला आणि काजूगर महागलेला नसेल, तर आत कोणीतरी हा भागाकार करते आहे असे समजा.

ओळखण्याची खूण सोपी आहे: खप घटला की तुमचा "खर्च" वाढलेला दिसतो का? दिसत असेल तर पाया चुकला. २४० चा पाया धरला तर पावसाळ्यात खर्च हलतच नाही. निव्वळ खप निम्मा झाला म्हणून दर बदलायचे कारण नाही. दर बदलेल तो गिऱ्हाइकाची जात बदलली तर. पावसात दुकानात येणारे बहुतेक गावचेच असतात, दर पाठ असलेले, चार दुकाने हिंडणारे. त्यांची लवचिकता ५ असेल तर टक्के २५ आणि दर ३००. म्हणजे जुनी रीत ४०० कडे नेते आणि खरे गणित ३०० कडे.

दुसरी अट दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांत मोडते. कळंगुटच्या दुकानात परगावच्या माणसाला भेट म्हणून काजू न्यायचा असतो, संध्याकाळी विमान असते, तो दर ताडून बघायला म्हापशाला जात नाही. तिथे लवचिकता २.५ निघाली तर टक्के ६७ आणि दर ४००. फोंड्यात तेच पाकीट ३२०. दोन्हीकडे सरसकट ३३ टक्के लावले तर कळंगुटला पैसे सोडता. सरसकट ६७ लावले तर फोंड्यात गिऱ्हाईक सोडता. एक अडचण लक्षात ठेवा: हुबेहूब त्याच पाकिटावर दोन वेगळ्या एमआरपी छापायला कायद्याने बंधने आहेत. म्हणून कळंगुटसाठी माल वेगळा करायचा, टिनचा डबा किंवा वेगळे वजन, आणि डब्याचा जादा खर्च त्याच्या सीमांत खर्चात घालायचा.

तिसरी अट सर्वांत फसवी आहे. काजूगर ८०० वरून ९०० झाला. पाकिटाचा खर्च २५.५० ने वाढून २६५.५०. ठरलेले ३३ टक्के चढवले तर दर ३५४, म्हणजे खर्च साडेपंचवीस वाढला आणि गिऱ्हाइकाकडून ३४ मागितले. लवचिकता खरोखर सगळ्या दरांना ४ च असेल तर हे बरोबर आहे. पण बहुतेक बाजारांत दर चढत जातो तसतसे गिऱ्हाईक जास्त बिचकते. आपल्याकडे वहीत दोनच बिंदू आहेत: ३५० ला ६०० आणि ३३० ला ७६०. त्यांतून सरळ रेघ काढली तर रुपयामागे ८ पाकिटे घटतात आणि ४२५ ला खप शून्य होतो. अशा सरळ रेघेत सर्वोत्तम दर म्हणजे ४२५ आणि सीमांत खर्च यांची सरासरी. जुन्या खर्चाला ३३२.५०, नव्या खर्चाला ३४५.२५. खर्च साडेपंचवीस वाढला पण दर फक्त निम्म्याने, पावणेतेराने वाढला, आणि टक्के ३९ वरून ३० वर आले.

दोन्हींपैकी खरे कुठले हे दोन बिंदूंवरून सांगता येत नाही. जुना दर ३५० चुकीचा होता आणि खाली यायला हवा, एवढ्यावर दोघांचे एकमत होते. खर्च वाढल्यावर मात्र त्यांचे सल्ले वेगळे होतात: एक ३५४ म्हणतो, दुसरा ३४५. अशा वेळी मधला दर लावा आणि महिनाभर पुन्हा मोजा. नव्या दराला लवचिकता ४ च्या वर गेलेली दिसली तर टक्के उतरवा. खर्चात दहा टक्क्यांच्या आसपास हालचाल झाली की टक्के पुन्हा तपासायचे, एवढा नेम ठेवला तरी पुरे.

शेजाऱ्याचेही भान हवे. आठवड्याआड दर बदलताना समोरच्या दुकानाचा दर तोच होता, म्हणून गिऱ्हाईक तिकडून इकडे आले आणि लवचिकता ४ दिसली. वहिनींचा ३२५ कायमचा झाला आणि समोरच्यानेही उतरवला तर ती गिऱ्हाइके परत जातील. त्या परिस्थितीतली लवचिकता चारपेक्षा कमी असेल. म्हणून नवा दर लागू करून दीड-दोन महिन्यांनी खप पुन्हा पाहावा. तक्त्यात ३२० च्या आसपासच्या दराला दिसणारा खप तोवर टिकला नसेल तर समोरच्याने दर उतरवला आहे का ते आधी पाहा, सूत्राला दोष नंतर द्या.

राहिला डिसेंबर. आतापर्यंत धरून चाललो की एका जादा पाकिटाला नेहमी २४० च लागतात. पण वहिनींच्या भट्टीवर महिन्याला ९०० पाकिटांहून जास्त होत नाहीत. डिसेंबरात मागणी वाढून ३५० लाच १,०८० पाकिटे मागितली गेली, तर सूत्राचा ३२० लावून काय होणार? माल पंचविसाव्या तारखेच्या आत संपणार आणि उशिरा आलेले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाणार. अशा वेळी जितका माल आहे तितकीच मागणी उरेल असा दर लावायचा. लवचिकता ४ असताना मागणी १,०८० वरून ९०० वर यायला दर सुमारे ३६६ लागतो. पाकिटावर आधीच छोटी एमआरपी छापून ठेवली असेल तर तिथे जाता येणार नाही, म्हणून डिसेंबरची पाकिटे छापताना हे आधी ठरवावे लागते.

आणि याच ३६६ वरून आणखी एक उत्तर मिळते. त्या दराला जादा पाकिटातून खरी प्राप्ती ३६६ च्या तीनचतुर्थांश, म्हणजे साधारण २७५. दिवसा पाकीट २४० ला होते. म्हणजे रात्री जादा बाई लावून, जादा भट्टी पेटवून पाकिटामागे ३५ रुपयांपर्यंत अधिक खर्च आला तरी पहिली काही पाकिटे परवडतात. रात्रीचा जादा खर्च पाकिटामागे २० असेल तर रात्रपाळी सुरू करा आणि प्राप्ती २६० वर येईपर्यंत पाकिटे वाढवा. तेव्हा दर असेल ३४७ च्या आसपास. रात्रीचा जादा खर्च ५० असेल तर भट्टी संध्याकाळी बंद ठेवा आणि ३६६ लाच विका.